बारीक मूल, खाण्याचे नखरे आणि वाढीची रेघ

दोन मुली घेऊ. नावं मी ठेवलेली, आकडे मात्र नेहमी दिसतात तसेच. ईरा आणि सई, दोघींना नुकतीच तीन वर्षं पूर्ण झालीत आणि दोघींचं वजन साडेअकरा किलो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तीन वर्षांच्या मुलीचं मधलं वजन १३.९ किलो आहे. म्हणजे दोघी जवळपास अडीच किलोने मागे.

ईराच्या घरी जेवणाची वेळ म्हणजे रोजचा तमाशा. भाजी दिसली की तोंड मिटतं, वरणभाताचे चार घास कसेबसे जातात, आजी म्हणते, "बरगड्या मोजून घ्या पोरीच्या!" सई ताटात पडेल ते खाते. बारीक आहे, पण खाते ना, मग अंगाला लागेल कधीतरी, म्हणून तिच्याकडे कोणी फारसं बघत नाही. मला विचाराल तर डॉक्टरकडे आधी सईला न्यायला हवं. ईराच्या घरी बदलायचं आहे ते जेवणाचं वेळापत्रक. हा फरक काट्यावर दिसत नाही. तो कसा शोधायचा, त्याचीच ही पद्धत.

पायरी १: जुने आकडे गोळा करा

आजचं वजन हा एक ठिपका असतो आणि एका ठिपक्यातून रेघ निघत नाही. निदान तीन ठिपके लागतात, त्यांत काही महिन्यांचं अंतर लागतं. बहुतेक घरांत ते आधीच पडलेले असतात. माता व बाल संरक्षण कार्ड, लसीकरणाचं पुस्तक, बालरोगतज्ज्ञांची फाईल आणि अंगणवाडीचं रजिस्टर पाहा. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसी, नवव्या महिन्याची लस, दीड वर्षाचा बूस्टर, या प्रत्येक भेटीत वजन बहुधा लिहिलेलं असतं. उंची मात्र लिहिलेली नसते, आणि सगळ्यात जास्त माहिती तिच्यातच असते. म्हणून यापुढे कुठेही वजन केलं की उंचीही घ्यायला सांगा.

जन्माचं वजन आणि बाळ किती आठवड्यांचं असताना जन्मलं तेही शोधून ठेवा. बाळ दोन महिने आधी आलं असेल तर दोन वर्षांचं होईपर्यंत त्याच्या वयातून ते दोन महिने वजा करूनच तक्ता बघायचा. हे न केल्यामुळे चांगली वाढणारी बाळंही उगाच 'कमी वजनाची' ठरतात.

पायरी २: नीट मोजा, आणि सारखं सारखं मोजू नका

दोन ते पाच वर्षांचं मूल वर्षाला साधारण दोन किलोच्या आसपास वाढतं. महिन्याचा हिशेब दोनशे ग्रॅमही होत नाही. एक पेला पाणी प्यायलं किंवा शी झाली नसली तरी काटा तेवढा हलतो. त्यामुळे दर आठवड्याला वजन करणाऱ्या आईला काट्यावर पाणी आणि शी दिसते, वाढ दिसत नाही. एका वर्षानंतर दोन-तीन महिन्यांतून एकदा वजन आणि सहा महिन्यांतून एकदा उंची पुरते. वजन शक्यतो सकाळी, लघवी झाल्यावर, चड्डीवर आणि दर वेळी त्याच काट्यावर करा. मोठ्यांच्या बाथरूमच्या काट्यावर अर्धा किलो इकडेतिकडे सहज होतो. अंगणवाडीचा किंवा दवाखान्याचा डिजिटल काटा त्यापेक्षा बरा.

दोन वर्षांपर्यंत बाळाला आडवं झोपवून लांबी मोजतात, त्यानंतर उभं करून उंची. उभं राहिलं की तेच मूल सुमारे ०.७ सेंटिमीटरने कमी भरतं. दोन वर्षांच्या सुमारास पद्धत बदलली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर उंची थांबल्याचा खोटा भास होतो.

घरी उंची घ्यायची तर खालची पट्टी नसलेली सपाट भिंत शोधा. चपला काढा, पोनी सोडा. टाचा, ढुंगण, पाठ आणि डोकं भिंतीला टेकलेलं हवं, गुडघे सरळ हवेत, नजर समोर हवी. एकाने टाचा धरायच्या आणि दुसऱ्याने पुठ्ठ्याचं जाड पुस्तक भिंतीला काटकोनात लावून डोक्यावर टेकवायचं. पेन्सिलीची खूण करून धातूच्या टेपने जमिनीपासून मोजा. मुलाला बाजूला करून पुन्हा एकदा सगळं करा. दोन मोजण्यांत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. वेळही दर खेपेला तीच ठेवा, कारण दिवसभर धावून संध्याकाळी उंची थोडी कमीच भरते.

पायरी ३: योग्य तक्त्यावर ठिपके द्या

पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचा २००६ चा तक्ता वापरतात. माता व बाल संरक्षण कार्डावर तोच असतो, मुलींचा वेगळा आणि मुलांचा वेगळा. तो ज्या मुलांवरून बनला त्यांत दिल्लीची मुलंही होती, म्हणून "हे परदेशी आकडे, आपली मुलं बारीकच" ही सबब पाच वर्षांच्या आतल्या मुलांना लागू होत नाही. पाच वर्षांनंतर भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा २०१५ चा तक्ता घ्यायचा.

कार्डावर मधली एक रेघ असते आणि तिच्याखाली उणे एक, उणे दोन, उणे तीन अशा रेघा. उणे दोनच्या वर हिरवा पट्टा, उणे दोन ते उणे तीन पिवळा, आणि त्याखाली तीव्र कमी वजनाचा. तीन वर्षांच्या मुलीसाठी मधली रेघ १३.९ किलोवर आहे, उणे एक १२.२, उणे दोन १०.८ आणि उणे तीन ९.६ किलोवर. खासगी दवाखान्यात याऐवजी पर्सेंटाइलच्या रेघा असतात. तिथली तिसरी पर्सेंटाइल म्हणजे साधारण आपली उणे दोन.

मधल्या रेघेबद्दल एक गैरसमज फार त्रास देतो. ती पास होण्याची रेघ नव्हे. निरोगी मुलांपैकी निम्मी मुलं तिच्या खालीच असतात, नाहीतर ती मधली झालीच नसती. ईरा आणि सई दोघीही हिरव्या पट्ट्यातच आहेत.

पायरी ४: दोघींच्या रेघा शेजारी ठेवा

ईरा एका वर्षाची असताना ७.६ किलो होती, दोन वर्षांची असताना ९.७ आणि आता ११.५. तिन्ही वेळा ती उणे एक आणि उणे दोन या रेघांच्या मध्ये, जवळजवळ त्याच जागी आहे. गेल्या वर्षभरात उंची ८१.७ सेंटिमीटरवरून ९०.५ वर गेली, म्हणजे जवळजवळ नऊ सेंटिमीटर वाढली. उंचीची रेघही मधल्या रेघेच्या खालून, पण तिला समांतर चालली आहे.

आता आईवडिलांकडे बघू. आई १५० सेंटिमीटर, वडील १६३. मुलीची अपेक्षित उंची काढताना दोघांची बेरीज करून १३ वजा करायचे आणि दोनाने भागायचं. मुलगा असेल तर १३ मिळवायचे. ईरासाठी उत्तर येतं १५०. याच्या सात-आठ सेंटिमीटर अलीकडे-पलीकडे ती मोठेपणी थांबेल. लहानखुऱ्या आईवडिलांची लहानखुरी मुलगी आपल्या रेघेवरून चालली आहे. तिला ओढून १३.९ वर नेण्याचा प्रयत्न म्हणजे तिच्या शरीराशी भांडण.

सईचं वजन एका वर्षाला ९.४ किलो होतं, मधल्या रेघेच्याही वर. दोन वर्षांची झाली तेव्हा ११.४, अगदी मधल्या रेघेवर. अडीच वर्षांची असताना ११.५ आणि आजही ११.५. उंची दोन वर्षांची असताना ८६, अडीचला ८९.५ आणि आता ९२. पूर्ण वर्षात सहा सेंटिमीटर, जिथे नऊच्या आसपास अपेक्षित होती. आजही ती ईरापेक्षा दीड सेंटिमीटर उंच आहे! तिला एकदाच पाहणारा कोणीही "उंची छान आहे, वजन हिरव्या पट्ट्यात आहे" असंच म्हणेल. पण वर्षभरात तिचं वजन मधल्या रेघेवरून उणे दीडपर्यंत घसरलं आहे आणि आता उंचीही मागे पडू लागली आहे. सईच्या शरीराला काहीतरी कमी पडतंय किंवा तिच्या शरीरातून काहीतरी वाया जातंय.

घसरण कुठल्या क्रमाने झाली यावरूनही बरंच कळतं. अन्न कमी पडलं, पचलं नाही किंवा एखादा आजार ते खाऊन टाकत असला, तर आधी वजन घसरतं आणि काही महिन्यांनी उंचीचा वेग मंदावतो. लहान बाळात हे लांबलं तर शेवटी डोक्याचा घेरही मागे पडतो. उलट उंची आधी थांबली आणि मूल गुटगुटीतच राहिलं, तर थायरॉइड किंवा वाढीच्या हार्मोनकडे बघावं लागतं. अशा मुलाला तूप घालून उपयोग नसतो, आणि गुटगुटीत असल्यामुळे त्याच्या घरी कोणाला काळजीही वाटत नाही. वजन आणि उंची दोन्ही पहिल्यापासून खाली असून समांतर वाढत असतील, तर बहुतेक वेळा ते घराण्याचं किंवा कमी जन्मवजनाचं असतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. पहिल्या दीड-दोन वर्षांत बाळ आपली रेघ शोधत असतं. जन्मतः भरपूर वजनाचं, पण लहानखुऱ्या आईवडिलांचं बाळ या काळात हळूहळू एखादी रेघ खाली येऊन तिथे स्थिरावलं, तर ते चालतं. पण दोन रेघा ओलांडून उतरणं कुठल्याही वयात सोडून देण्यासारखं नाही.

पायरी ५: नखऱ्यांचा हिशेब करा

पहिल्या वर्षात बाळ जन्मवजनाच्या तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात जेमतेम अडीच किलो वाढतं, पुढे त्याहून कमी. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. त्याच सुमाराला मुलाला 'नाही' म्हणण्याचा शोध लागतो आणि नव्या पदार्थाची भीती सुरू होते. दोन ते सहा वर्षांच्या मुलांत ही भीती इतकी सर्रास दिसते की तिला आजार म्हणता येत नाही. "वर्षाचा होईपर्यंत सगळं खायचा, आता काहीच खात नाही" ही तक्रार बहुतेक घरांत खरीच असते, आणि बहुतेक वेळा तिच्यात काही बिघडलेलं नसतं.

तरी 'काहीच खात नाही' हे तपासून पाहायला हवं. तीन दिवस, त्यांतला एक सुट्टीचा, तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहा. दूध मिलीलिटरमध्ये लिहा, बिस्किटं मोजून लिहा, आजोबांनी हळूच दिलेली गोळीही लिहा. ईराच्या आईने लिहिलेल्या कागदावर हे निघालं: सकाळी उठल्या उठल्या म्हशीचं दूध २५० मिली, चार वाजता १५०, रात्री झोपताना बाटलीतून ३००. दिवसभरात ग्लुकोजची सहा बिस्किटं आणि दुधातली तीन चमचे साखर. म्हशीच्या दुधात शंभर मिलीमागे साधारण शंभर कॅलरी धरल्या तर दुधाच्याच सातशे झाल्या. बिस्किटांच्या दीडशे, साखरेच्या साठ. या वयाला दिवसाला साधारण अकराशे कॅलरी लागतात आणि त्यांतल्या नऊशे ताट वाढण्याआधीच पोटात आहेत. आता जेवणावर भूक कुठून आणणार?

ईराचं वजन टिकून आहे ते याच दुधावर. पण दुधात लोह नसल्यासारखंच असतं आणि त्यातलं कॅल्शियम इतर अन्नातल्या लोहाच्या वाटेत येतं. अशा 'दुधावर जगणाऱ्या' मुलांत रक्तक्षय फार दिसतो, आणि रक्तक्षयाने भूक आणखी मरते. म्हणून ईराच्या बाबतीत मला वजनापेक्षा हिमोग्लोबिनची जास्त चिंता वाटेल. तीन वर्षांच्या मुलात ते ११ च्या खाली असलं तर लोहाचा उपचाराचा डोस डॉक्टर वजनावरून ठरवतात. आशाताई देतात ते आठवड्यातून दोनदा एक मिलीचं सिरप प्रतिबंधासाठी असतं, रक्तक्षय झाल्यावर ते पुरत नाही. आणि बीट, खजूर, डाळिंबाने हिमोग्लोबिन भरून निघत नाही, कितीही लाल दिसले तरी.

पायरी ६: दूध उतरवा, वेळ बांधा

दूध दिवसाला चारशे ते साडेचारशे मिलीवर आणा. एकदम नको, आठवडाभरात. आधी रात्रीची बाटली काढा आणि दूध कपातून, जेवणानंतर द्या. बाटली गेल्याने पुढचे दातही वाचतात. किडलेल्या दाताने चावताना दुखतं म्हणून न जेवणारी मुलंही कमी नाहीत, तेव्हा तोंड उघडून एकदा बघा.

मग दिवसाला पाच खाणी बांधा: सकाळी आठला नाश्ता, अकराला फळ, दीडला जेवण, साडेचारला काहीतरी पोटभरीचं, पावणेआठला रात्रीचं जेवण. मधल्या अडीच-तीन तासांत फक्त पाणी. बिस्कीट नाही, कुरमुऱ्यांची मूठ नाही, दुधाचा घोटही नाही. जेवणाला वीस ते तीस मिनिटं द्यायची, मग ताट उचलायचं. न बोलता.

काय, केव्हा आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं ते मुलाने. आपल्या घरांत यातला दुसरा भाग पचायला जड जातो. चिऊचा घास, काऊचा घास इथपर्यंत गंमत असते. मोबाइल लावून, पाय धरून, नाक दाबून भरवणं ही गंमत राहत नाही. मोबाइलसमोर मूल जास्त घास गिळतं हे खरं, पण पोट भरल्याची जाणीव त्यातून तयार होत नाही आणि मोबाइल बंद केला की तोंडही बंद होतं. "भाजी संपव, मग चॉकलेट" हा सौदाही उलटतो. ज्यासाठी लाच द्यावी लागते ते वाईटच असणार, हे तीन वर्षांच्या मुलालाही कळतं.

पहिला आठवडा कठीण जातो. दूध कमी झालेलं असतं आणि जेवण अजून वाढलेलं नसतं. घरातली मोठी माणसं कळवळतात. तेव्हा आजीआजोबांना आधीच विश्वासात घ्या, नाहीतर दुपारी स्वयंपाकघराच्या दारामागे बिस्किटाचा पुडा फुटतोच. दोन-तीन आठवड्यांत दुपारच्या ताटावर फरक दिसायला लागतो. काट्यावर मात्र तीन महिने काही शोधू नका.

पायरी ७: घास तेवढेच, ताकद जास्त

लहान मुलाचं पोट छोटं असतं आणि आपण त्यात वरणाचं पाणी, भाताची पेज, पातळ नाचणीचं सत्त्व ओततो. पोट फुगतं, ऊर्जा येत नाही. तेच वरण घट्ट करा. चमचाभर तुपाने ४५ कॅलरी वाढतात. भाजीत, धिरड्याच्या पिठात किंवा पोह्यांवर मोठा चमचा शेंगदाण्याचं कूट घातलं की पन्नासहून जास्त कॅलरी आणि अडीच ग्रॅम प्रथिनं मिळतात. दिवसात दोन चमचे तूप आणि दोन चमचे कूट गेलं तर एकही घास न वाढवता दोनशे कॅलरी जास्त होतात. अंड्यात ७० कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं. अंडं चालत नसलेल्या घरी बेसनाचं धिरडं, मुगाची उसळ, पनीर, घट्ट दही आहे. कूट म्हणजे कूटच, आख्खे शेंगदाणे पाच वर्षांच्या आत देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात.

नवा पदार्थ ताटाच्या कडेला नखाएवढा वाढा, शेजारी ओळखीचा पदार्थ असू द्या, आणि तोच पदार्थ तुम्ही त्याच्यासमोर खा. "बघ किती छान" हे प्रवचन नको. बहुतेक मुलांना एखादी भाजी खाण्याआधी ती दहा-पंधरा वेळा भेटावी लागते. आपण तिसऱ्यांदा हार मानून "हिला दुधी आवडत नाही" असं जाहीर करतो आणि मग ते खरं होतं.

मिक्सरबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला खिचडी अजून मिक्सरमधून काढून देणारी घरं मी खूप पाहिली आहेत. आठव्या-नवव्या महिन्यापासून बाळाला गुठळ्या, मऊ तुकडे चावायला मिळायला हवेत. ते राहून गेलं की मूल चावायला शिकतच नाही आणि पोळीचा तुकडा तोंडात गेला की उमासे येतात. त्याला आपण नखरा म्हणतो. अशा मुलाचा घट्टपणा टप्प्याटप्प्याने वाढवा: मिक्सरऐवजी रवी, मग हाताने कुस्करलेलं, मग मऊ तुकडे, प्रत्येक टप्प्याला आठवडा-दोन आठवडे.

भुकेच्या सिरपबद्दल लोक विचारतातच. त्यांतल्या बऱ्याच सिरपमध्ये सायप्रोहेप्टाडिन हे ॲलर्जीचं औषध असतं. त्याने झोप येते, भूक वाढते, आणि औषध थांबलं की बहुतेकदा भूक पूर्ववत होते. डॉक्टरांनी कारण बघून दिलं तर ठीक, दुकानातून स्वतः आणू नका. डबाबंद चॉकलेटी पावडरीने दुधात साखर वाढते आणि दूध आणखी जास्त प्यायलं जातं. जंताची गोळी मात्र वेळच्या वेळी द्या. ती शाळा-अंगणवाडीत फुकट मिळते.

काळजी कधी करायची

सईसारखी घसरण, म्हणजे एका रेघेवरून पुढची रेघ ओलांडून खाली जाणं, दिसली तर मूल कितीही चांगलं खात असलं तरी तपासणी हवी. दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं वजन तीन महिन्यांत किंवा मोठ्या मुलाचं सहा महिन्यांत अजिबात वाढलं नाही, तरीही हवी. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत उंची वर्षाला पाच सेंटिमीटरपेक्षा कमी वाढत असेल तर वजन चांगलं असतानाही दाखवा. आईवडिलांच्या उंचीवरून काढलेल्या आकड्यापेक्षा मुलाची रेघ खूप खालून चालली असेल, तरीही दाखवा.

आकड्यांशिवायही काही गोष्टी थांबू देत नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त चाललेला ताप, खोकला किंवा जुलाब, घरात कोणाला क्षयरोग असणं, सारखी तहान आणि सारखी लघवी, पोट फुगलेलं आणि हातपाय काडीसारखे, वारंवार उलट्या, गिळताना ठसका, शिकलेलं बोलणं-चालणं मागे जाणं. खाण्याच्या बाबतीत, मूल मोजून पंधरा-वीसच पदार्थ खात असेल आणि ती यादी वाढण्याऐवजी आक्रसत असेल, विशिष्ट रंगाच्या किंवा पोताच्या पदार्थाने घाबरून जात असेल, तर हा नेहमीचा नखरा नाही. विकासाचे बालरोगतज्ज्ञ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट अशा मुलांबरोबर काम करतात, आणि तिथे जायला वजन कमी असण्याची अट नाही.

एक तपासणी घरीही जमते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, टेप न आवळता मोजा. साडेबारा सेंटिमीटरच्या खाली असेल तर त्याच आठवड्यात अंगणवाडी किंवा डॉक्टरकडे न्या. साडेअकराच्या खाली असेल, किंवा दोन्ही पावलांवर सूज असून अंगठ्याने दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर त्याच दिवशी न्या. हे तीव्र कुपोषण आहे आणि त्यावर सरकारी रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात विनामूल्य उपचार होतात. पण दंड ठीक निघाला म्हणून रेघ बघणं सोडू नका. सईचा दंड या चाचणीत बहुधा ठीकच निघेल.

डॉक्टरकडे जाताना

ठिपके दिलेला तक्ता, तीन दिवसांचा खाण्याचा कागद आणि आईवडिलांची उंची घेऊन जा. "हा काही खात नाही" याऐवजी "गेल्या वर्षात वजन शंभर ग्रॅम आणि उंची सहा सेंटिमीटर वाढली" असं सांगितलंत की डॉक्टरांचे पुढचे प्रश्नच बदलतात. शी कशी होते, दिवसातून किती वेळा, वास आणि रंग कसा, हेही आठवून ठेवा.

सईच्या आईला विचारलं तेव्हा कळलं की काही महिन्यांपासून तिला रोज तीन-चार वेळा भरपूर, पातळसर शी होते आणि पोट फुगलेलं असतं. घरी सगळे म्हणत होते, मागचे दात येतायत. अशा मुलीत रक्ताची साधी तपासणी, लघवी, शी, थायरॉइड आणि गव्हाच्या ग्लुटेनची असहिष्णुता म्हणजे सिलिॲक आजार शोधणारी टीटीजी ही रक्तचाचणी करतात. क्षयरोगाची शंका असेल तर छातीचा एक्स-रे आणि मॅण्टू ही त्वचेवरची चाचणी. सईची टीटीजी खूप जास्त आणि हिमोग्लोबिन कमी आलं, असं धरू. पुढची पायरी मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांकडे, आणि निदान पक्कं करायला बहुधा दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासतात.

इथे एक घाई महागात पडते. इंटरनेटवर वाचून घरचे चाचणीआधीच गहू बंद करतात. मग टीटीजी उतरते, आतडं सुधारायला लागतं आणि निदानच हुकतं. सगळ्या तपासण्या संपेपर्यंत पोळी चालूच ठेवायची. निदान झाल्यावर गहू, रवा, मैदा, बिस्किटं, पाव, शेवया, जव आणि गव्हाच्या पिठातून बांधलेला हिंगसुद्धा आयुष्यभर बंद. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदळाची भाकरी चालते, फक्त ते धान्य गव्हाच्या गिरणीत दळायचं नाही. पथ्य नीट पाळलं तर आधी भूक आणि वजन सुधारतं, उंची त्याच्या मागून, सहा महिने ते वर्षभराने आपली जुनी रेघ गाठू लागते. म्हणून सईचं वजन आता तीन महिन्यांनी आणि उंची सहा महिन्यांनी, त्याच तक्त्यावर.